एकोणतीस शीट आणि एक अनुक्रमणिका

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली, तेव्हा खजिनदार काकांनी पहिल्यांदाच हिशेब प्रोजेक्टरवर दाखवायचा ठरवलं होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. हिशेब चोख. सहा मजले, मजल्याला चार घरं, म्हणजे चोवीस फ्लॅट; एक्सेलच्या एका फाइलमध्ये प्रत्येक फ्लॅटचं एक शीट आणि त्याशिवाय जमाखर्च, बँक, मेंटेनन्सचे दर, भाडेकरूंची यादी आणि सभेचं इतिवृत्त अशी आणखी पाच. एकूण एकोणतीस.

पाचव्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं, "काका, माझ्या खात्यावर किती बाकी दिसतेय?" काका म्हणाले, "दाखवतो ना," आणि खालच्या पट्टीतली शीटची नावं एकेक करून सरकवू लागले. पट्टीवर एका वेळी आठ-नऊच नावं मावत होती. घाईत काकांचं बोट चुकलं आणि A-503 ऐवजी A-302 उघडलं. त्या घरात वर्षभर आजारपण चाललं होतं. सात महिन्यांची थकबाकी, तीही लाल अक्षरांत, चाळीस माणसांसमोर भिंतीवर उमटली. काकांनी लगेच दुसरं शीट उघडलं, पण त्या बाई मान खाली घालून बसल्या त्या सभा संपेपर्यंत तशाच.

सभेनंतर मी काकांना म्हटलं, "काका, या फाइलला अनुक्रमणिका करूया. नावावर क्लिक केलं की थेट तेच पान उघडेल, मधली पानं दिसायचीच नाहीत." काका म्हणाले, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" पुढच्या रविवारी आम्ही बसलो. ती अनुक्रमणिका कशी झाली, पहिल्यांदा ती का फसली आणि शेवटी कशी टिकली, हे इथे सांगते आहे. घरखर्च असो, दुकानाची उधारी असो की शाळेचे निकाल, ज्यांच्या फाइलमध्ये दहाच्या वर शीट आहेत त्या सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

लिंक म्हणजे लिहून ठेवलेला पत्ता

एक्सेलमध्ये लिंक द्यायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कंट्रोल आणि के ही बटणं एकत्र दाबणं. मेनूतून जायचं असेल तर `Insert` मध्ये `Link` आहे. एक चौकट उघडते. तिच्या डावीकडे `Existing File or Web Page` आणि `Place in This Document` असे पर्याय असतात. पहिला बाहेरच्या फाइलसाठी किंवा वेबसाइटसाठी, दुसरा याच फाइलमधल्या दुसऱ्या जागेसाठी. दुसरा निवडला की सगळ्या शीटची यादी समोर येते. हवं ते शीट निवडायचं, वरच्या `Type the cell reference` या रकान्यात सेलचा पत्ता लिहायचा, `Text to display` मध्ये जे नाव दिसायला हवं ते लिहायचं आणि `OK` म्हणायचं. झाली लिंक.

आम्ही पहिल्या रविवारी असंच केलं. सुरुवातीला अनुक्रमणिका नावाचं नवं शीट घातलं आणि एकोणतीस वेळा तीच चौकट उघडून एकोणतीस लिंक दिल्या. दीड तास गेला. काका खूश झाले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, मेंटेनन्सच्या दरांवर क्लिक केलं की काहीतरी इंग्रजीत म्हणतोय." गेले तर पडद्यावर छोटी चौकट होती: `Reference isn't valid.` काकांनी मधल्या काळात एवढंच केलं होतं, की त्या शीटच्या नावापुढे वर्ष घातलं होतं. 'मेंटेनन्स दर' चं 'मेंटेनन्स दर २०२५' झालं आणि लिंक मेली.

इथे लिंक म्हणजे नक्की काय हे समजून घ्यावं लागतं. आपण जमाखर्चाच्या शीटमध्ये दुसऱ्या शीटमधली बेरीज साध्या सूत्राने आणतो, तेव्हा एक्सेल त्या सेलशी खरं नातं जोडतं. शीटचं नाव बदला, मध्ये ओळ घाला, सूत्र आपोआप स्वतःला सुधारून घेतं. चौकटीतून दिलेल्या लिंकचं मात्र तसं नव्हतं. तिथे एक्सेलने फक्त पत्ता अक्षरांत टिपून ठेवला होता, पाकिटावर लिहितो तसा. घरावरची पाटी बदलली तरी पाकिटावरचा पत्ता जुनाच राहतो, आणि पत्र परत येईपर्यंत ते आपल्याला कळत नाही. लिंकचंही तेच. ती तुटली तरी निळी आणि अधोरेखितच दिसते, क्लिक करेपर्यंत काही पत्ता लागत नाही. आणि क्लिक कधी होतं? बरोबर सभेत, सगळ्यांसमोर.

म्हणून दुसऱ्या रविवारी आम्ही ठरवलं, की अनुक्रमणिका अशी बांधायची की तुटलेला पत्ता तिने स्वतःहून दाखवला पाहिजे.

सूत्रातून लिंक

त्यासाठी चौकट सोडून सूत्राकडे वळलो. एक्सेलमध्ये `HYPERLINK` नावाचं फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कुठे जायचं तो पत्ता आणि सेलमध्ये दिसायचं ते नाव.

```
=HYPERLINK("#'A-503'!A1","A-503")
```

यातलं प्रत्येक चिन्ह कामाचं आहे. सुरुवातीचा `#` सांगतो, की पत्ता याच फाइलमधला आहे, बाहेर शोधू नकोस. त्यानंतर शीटचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग सेल. शीटच्या नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हं आहेत, ती बहुतेक जण विसरतात. नावात रिकामी जागा किंवा आडवी रेघ असेल तर ती चिन्हं लागतातच, नाहीतर तीच `Reference isn't valid.` ची चौकट येते. आडवी रेघ टाळून शीटला A503 असं नाव दिलं तरी सुटका नाही, कारण A503 हा एका सेलचाही पत्ता आहे. चिन्हं नेहमीच द्यायची सवय लावली की हा प्रश्न उरत नाही.

पण खरी सोय पुढे आहे. शीटचं नाव सूत्रात लिहायच्या ऐवजी बाजूच्या सेलमधून घेता येतं. आम्ही अनुक्रमणिकेच्या शीटवर A हा रकाना शीटच्या नावांसाठी ठेवला. A4 मध्ये A-101 लिहिलं आणि सेलचा उजवा खालचा कोपरा धरून खाली ओढलं. एक्सेलने A-102, A-103, A-104 आपोआप भरलं. पुढे A-201 लिहून पुन्हा ओढलं. सहा मजल्यांची चोवीस नावं मिनिटभरात झाली, ओळ ४ ते २७. मग B4 मध्ये हे लिहिलं:

```
=HYPERLINK("#'"&A4&"'!A1","उघडा")
```

पहिल्या कंसातल्या चिन्हांची गर्दी पाहून काका बिचकले. ती तीन तुकड्यांची जोडणी आहे. पहिला तुकडा `#'`, दुसरा A4 मधलं नाव, तिसरा `'!A1`. मधली `&` ही चिन्हं त्यांना एकमेकांना चिकटवतात. A4 मध्ये A-101 असेल तर तयार होणारा पत्ता `#'A-101'!A1` हाच. हे सूत्र B27 पर्यंत ओढलं, आणि ज्या कामाला आदल्या वेळी दीड तास लागला होता ते पाच मिनिटांत झालं.

अशा सेलवर नुसतं क्लिक केलं की माणूस दुसऱ्या शीटवर पोचतो, मग सूत्र दुरुस्त कसं करायचं? शेजारच्या सेलवर उभं राहून बाणाच्या बटणाने त्या सेलवर यायचं. किंवा माउसचं बटण दाबून क्षणभर तसंच धरून ठेवायचं. बोटाची खूण जाऊन अधिकाची खूण आली की सोडायचं.

तुटलेला पत्ता बोलका करायचा

एवढ्यावर थांबलो असतो तर पहिल्याच चुकीची पुनरावृत्ती झाली असती. हे सूत्रही अक्षरांतच पत्ता जोडतं, आणि `HYPERLINK` क्लिक होईपर्यंत तो तपासत नाही. A4 मध्ये चुकून A-1O1, म्हणजे शून्याच्या जागी इंग्रजी ओ, लिहिलं तरी 'उघडा' हा शब्द तसाच निळा दिसत राहतो.

मात्र एक्सेलमध्ये दुसरं एक फंक्शन आहे, `INDIRECT`. तेही अक्षरांत लिहिलेला पत्ता घेतं, पण लगेच त्या सेलपर्यंत जाऊन तिथे काय आहे ते घेऊन येतं. सेल सापडला नाही तर `#REF!` अशी चूक दाखवतं. म्हणजे जे काम `HYPERLINK` करत नाही, ते पत्ता पडताळण्याचं काम हे करतं. दोन्ही एकाच ओळीत, एकाच नावावर चालवली, की पहिलं दार उघडतं आणि दुसरं राखण करतं.

काकांच्या प्रत्येक फ्लॅटच्या शीटवर वरची रचना एकसारखी होती. G2 मध्ये 'बाकी' हा शब्द आणि H2 मध्ये बाकीची रक्कम. त्याचा उपयोग करून अनुक्रमणिकेच्या C4 मध्ये हे सूत्र घातलं:

```
=IFERROR(IF(INDIRECT("'"&A4&"'!G2")="बाकी","ठीक","जागा हलली"),"शीट नाही")
```

हे आतून बाहेर वाचायचं. आधी त्या शीटच्या G2 मध्ये काय आहे ते आण. ते 'बाकी' असेल तर 'ठीक' म्हण. दुसरं काही असेल तर 'जागा हलली' म्हण. आणि शीटच सापडलं नाही तर 'शीट नाही' म्हण.

मधला इशारा नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा कुणी A-204 च्या शीटवर सगळ्यात वर एक ओळ घातली. रक्कम H2 मधून H3 मध्ये गेली. पण आपल्या सूत्रातलं H2 हे अक्षरांत लिहिलेलं आहे, ते जागचं हलत नाही. ते आता रिकामा सेल वाचतं आणि शून्य दाखवतं. कुठेही चूक दिसत नाही, लाल खूण येत नाही, फक्त एका घराची थकबाकी गुपचूप शून्य होते. हिशेबात दिसणाऱ्या चुकीपेक्षा न दिसणारी चूक जास्त महागात पडते. म्हणून रक्कम आणण्याआधी तिच्या शेजारचा शब्द जागेवर आहे का ते पाहायचं.

बाकीची रक्कम D4 मध्ये आणली:

```
=INDIRECT("'"&A4&"'!H2")
```

ही रक्कम खजिनदारांसाठी आहे, सभेसाठी नाही. नाहीतर एका घराची थकबाकी चुकून दिसण्याऐवजी चोवीस घरांची मुद्दाम दिसायची. म्हणून फाइल प्रोजेक्टरवर लावायच्या आधी D वर उजवं क्लिक करून `Hide` करायचं, हा आमचा नियम. C मात्र उघडाच राहतो. त्यात फक्त 'ठीक' असतं.

सूत्र उतरवून झाल्यावर C रकान्यात चोवीसपैकी तेवीस ओळी 'ठीक' म्हणाल्या. A-403 समोर 'शीट नाही' आलं. शीट तर खाली दिसत होतं. पट्टीवरच्या नावावर दोनदा क्लिक केलं तेव्हा कळलं, की नावाच्या शेवटी एक रिकामी जागा होती. डोळ्यांना दिसत नाही, एक्सेलला दिसते. ती काढताच तिथेही 'ठीक' आलं.

मराठी नावांची अडचण

फ्लॅटच्या शीटची नावं इंग्रजी अक्षरांत होती म्हणून सोपं गेलं. उरलेल्या पाच शीटची नावं मराठीत, आणि तिथे एक वेगळाच गुंता निघाला. एक शीट होतं 'भाडेकऱ्यांची यादी'. ते नाव मी अनुक्रमणिकेत टाइप केलं, अक्षर न् अक्षर तेच, तरी लिंक चालेना. रिकामी जागा नव्हती. शुद्धलेखन चुकलं नव्हतं.

कारण त्या 'ऱ्य' मध्ये होतं. देवनागरीतला हा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं आणि त्याला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर जोडणीसाठी एक अदृश्य चिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. काकांनी शीटचं नाव एका कीबोर्डवर लिहिलं होतं, मी दुसऱ्या. माणसाच्या डोळ्यांना एकच असलेले ते शब्द कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी नावं होती.

उपाय एकच आणि तो पक्का आहे: मराठी नाव पुन्हा टाइप करायचंच नाही. शीटच्या पट्टीवरच्या नावावर दोनदा क्लिक करायचं, कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करायचं, एस्केप दाबून बाहेर यायचं आणि अनुक्रमणिकेच्या सेलमध्ये पेस्ट करायचं.

आणखी एक मर्यादा मराठीत लवकर जाणवते. शीटचं नाव ३१ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, आणि एक्सेल काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळ्यांना वेगळं अक्षर मोजतं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त' एवढ्या नावातच ३१ पूर्ण होतात, वर्ष लिहायला जागा राहत नाही. शिवाय नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे '२०२४/२५' असंही लिहिता येत नाही. अनुक्रमणिका असली की याची काळजी उरत नाही. शीटचं नाव 'सभा २०२४-२५' एवढं छोटं ठेवायचं आणि पूर्ण नाव अनुक्रमणिकेत, लिंकच्या दिसणाऱ्या मजकुरात लिहायचं.

नाव बदलणाऱ्या शीटसाठी वेगळी युक्ती

फ्लॅटचे क्रमांक बदलत नाहीत. बाकीच्या पाच शीटची नावं मात्र दरवर्षी बदलतात, आणि आमची पहिली लिंक तिथेच मेली होती. अशा शीटसाठी अक्षरांतला पत्ता सोडून खरं नातं जोडणारी रीत वापरली:

```
=HYPERLINK("#"&CELL("address",'मेंटेनन्स दर'!A1),"मेंटेनन्सचे दर")
```

यात `'मेंटेनन्स दर'!A1` हा भाग कुठल्याही अवतरणाच्या आतला मजकूर नाही; तो खरा संदर्भ आहे. तो टाइपही करावा लागत नाही. सूत्रात स्वल्पविरामापर्यंत लिहायचं, मग माउसने त्या शीटवर जाऊन A1 वर क्लिक करायचं, एक्सेल नाव स्वतः लिहितं. `CELL` हे फंक्शन त्या सेलचा त्या क्षणीचा पत्ता अक्षरांत करून देतं आणि `HYPERLINK` त्यावरून उडी मारतं. आता शीटचं नाव बदललं, की संदर्भ बदलतो, मग पत्ता बदलतो, आणि लिंक जिवंत राहते. शीटच्या मध्येच असलेल्या एखाद्या तक्त्याकडे, म्हणजे B40 सारख्या सेलकडे लिंक दिली आणि वर चार ओळी घातल्या, तरी लिंक B44 कडे नेते. आणि शीटच कुणी काढून टाकलं, तर 'मेंटेनन्सचे दर' या शब्दांच्या जागी `#REF!` दिसतं. तुटल्याची खबर पुन्हा क्लिक करायच्या आधीच मिळते.

मग चोवीस फ्लॅटसाठीही हेच का नाही वापरलं? कारण हे सूत्र खाली ओढता येत नाही. ओढलं तर शीट तेच राहतं, फक्त सेल बदलतो. प्रत्येक शीटसाठी ते वेगळं लिहावं लागतं. पाचांसाठी ते ठीक, चोवीसांसाठी नाही. जिथे नावं ठरलेली आणि एका साच्यातली आहेत तिथे यादीवरून बनणारी लिंक, जिथे नावं थोडी आणि बदलती आहेत तिथे `CELL` वाली, अशी आम्ही वाटणी केली.

परतीची वाट

अनुक्रमणिकेवरून शीटवर पोचलो, पण परत कसं यायचं? एकोणतीस शीटच्या पट्टीवर पहिलं शीट शोधत मागे जायचं असेल तर अर्धी सोय वाया गेली. म्हणून प्रत्येक शीटवर डाव्या वरच्या कोपऱ्यात परतीची लिंक हवी.

ती चोवीस वेळा लिहायची गरज नाही. पट्टीवर A-101 वर क्लिक करायचं, शिफ्टचं बटण धरून A-604 वर क्लिक करायचं. मधली सगळी शीट एकत्र निवडली जातात आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलच्या नावाजवळ `Group` हा शब्द येतो. आता एका शीटवर जे लिहू ते चोवीस शीटवर त्याच सेलमध्ये लिहिलं जातं. A1 मध्ये लिहिलं:

```
=HYPERLINK("#'अनुक्रमणिका'!A1","◄ अनुक्रमणिका")
```

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, A1 सगळ्या शीटवर खरंच रिकामा आहे ना, हे आधी पाहून घ्यायचं. एका जरी शीटवर तिथे मालकाचं नाव असेल तर ते पुसलं जाईल. रिकामा नसेल तर वर नवी ओळ घालण्यापेक्षा बाजूचा एखादा मोकळा सेल निवडावा, कारण ओळ घातली की H2 चं H3 होतं आणि चोवीसच्या चोवीस ओळी 'जागा हलली' म्हणू लागतात. दुसरी, काम झाल्यावर लगेच गट सोडायचा. अनुक्रमणिका किंवा गटाबाहेरच्या कुठल्याही शीटवर क्लिक केलं की तो सुटतो. तो न सोडता एका घराची पावती नोंदवली तर ती चोवीस घरांच्या खात्यावर नोंदली जाते. काम करताना `Group` हा शब्द वर दिसतोय का, एवढं पाहायची सवय ठेवली की पुरतं.

फाइलच्या बाहेरचे पत्ते

अनुक्रमणिकेच्या तळाशी काकांनी सोसायटीला वारंवार लागणाऱ्या वेबसाइटही मागितल्या. जिन्यातल्या दिव्यांचं आणि लिफ्टचं वीजबिल दर महिन्याला भरायचं असतं, म्हणून पहिली महावितरणची:

```
=HYPERLINK("https://www.mahadiscom.in","महावितरण")
```

इथे `#` नाही, कारण पत्ता बाहेरचा. पण सुरुवातीचं `https://` लिहावंच लागतं. ते गाळून नुसतं `www` पासून लिहिलं तर एक्सेल त्या नावाची फाइल कॉम्प्युटरवर शोधू लागतं आणि `Cannot open the specified file.` म्हणून थांबतं.

बाहेरच्या लिंकबाबत एक सावधगिरी आम्ही पाळतो. सेलमध्ये दिसणारं नाव आणि आतला पत्ता यांचा एकमेकांशी काही संबंध असायलाच हवा असं नाही. 'महावितरण' लिहून आत दुसराच पत्ता घालता येतो. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमधल्या लिंकवर क्लिक करायच्या आधी माउस त्यावर क्षणभर थांबवावा. खरा पत्ता छोट्या पट्टीत दिसतो. सूत्र असेल तर तो वरच्या फॉर्म्युला बारमध्येही वाचता येतो.

पावत्यांच्या पीडीएफ फाइललाही अशीच लिंक देता येते. हिशेबाच्या फाइलशेजारी पावत्यांचा फोल्डर ठेवला आणि पत्ता त्या फोल्डरपासून सुरू केला, तर अख्खा संच पेनड्राइव्हवर नेला तरी लिंक चालतात:

```
=HYPERLINK("Pavatya\A-503.pdf","पावती")
```

फक्त एक्सेलची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर फोल्डर मागेच राहतो आणि लिंक उघडत नाही. द्यायचंच असेल तर दोन्ही मिळून द्यावं.

हाच हिशेब गूगल शीट्समध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक फरक सांगायला हवा. तिथे प्रत्येक शीटला एक क्रमांक असतो, ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी `#gid=` नंतर तो दिसतो. तिथली लिंक त्या क्रमांकावर चालते, नावावर नाही. त्यामुळे शीटचं नाव बदललं तरी ती तुटत नाही.

यंदाची सभा

मार्च संपल्यावर काकांनी जबाबदारी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे सोपवली. फाइल देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली: "काही नोंदवलंस की आधी C रकाना बघ. चोवीस वेळा ठीक दिसलं की फाइल बंद कर."

जुलैमध्ये ताईंचा मला फोन आला. A-304 समोर 'शीट नाही' आलं होतं. तो फ्लॅट विकला गेला होता आणि त्यांनी शीटला 'A-304 नवे मालक' असं नाव दिलं होतं. दोन मार्ग होते: A रकान्यात तेच नवं नाव घालणं किंवा शीटला जुनं नाव परत देणं. आम्ही दुसरा निवडला. फ्लॅटचा क्रमांक घराबरोबर राहतो, मालक बदलतो, म्हणून मालकाचं नाव शीटच्या आत लिहिलं. दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. मुख्य म्हणजे चूक सभेच्या दोन महिने आधी कळली.

सप्टेंबरच्या सभेत ताईंनी D रकाना लपवून अनुक्रमणिका पडद्यावर लावली. A-302 च्या बाईंनी या वेळी स्वतःहून हात वर केला. "माझा हिशेब बघायचाय. मी सगळं भरलंय." ताईंनी त्यांच्या ओळीतल्या 'उघडा' वर क्लिक केलं. त्यांचंच पान उघडलं आणि H2 मध्ये शून्य होतं. बाईंनी ते वाचलं, मान हलवली. ताईंनी कोपऱ्यातल्या बाणावर क्लिक केलं आणि पडद्यावर पुन्हा फक्त यादी उरली.